विहिरीचा चौथरा काय करतो?
मुल्कराज आनंद यांच्या ‘अनटचेबल’मधील गाव, रस्ता आणि पाणी

माझी भाची यंदा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या रविवारी ती घरी आली ती हातात वही घेऊनच. तिला मुल्कराज आनंद यांची ‘अनटचेबल’ ही कादंबरी अभ्यासाला आहे. तिने बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शकावरून टिपणे काढली होती. कथानक, पात्रे, संघर्ष, भाषा यांवर पाने भरली होती आणि अगदी शेवटी ‘वातावरण’ असे शीर्षक देऊन चार ओळी. त्यात लिहिले होते की, लेखकाने गावाबाहेरील वस्तीचे हुबेहूब वर्णन केले असून त्यामुळे कादंबरीला वास्तवतेची पार्श्वभूमी लाभली आहे.

मी विचारले, “पार्श्वभूमी म्हणजे काय गं?”

ती म्हणाली, “मावशी, म्हणजे नाटकाचा मागचा पडदा. पात्रं पुढं उभी असतात आणि मागं घरं, झाडं, नदी रंगवलेली असते.”

“मग तो पडदा काढून दुसरा लावला, म्हणजे वस्तीच्या जागी समुद्रकिनारा लावला, तर तुझ्या बखाची गोष्ट तशीच घडेल का?”

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “नाही घडणार. त्याच्या बहिणीला विहिरीवर थांबावंच लागणार नाही.”

इथेच तिला उत्तराचे टोक सापडले होते. त्या दुपारी आम्ही दोघींनी एका कोऱ्या कागदावर पेन्सिलीने त्या कादंबरीचा नकाशा काढला. वाचकहो, तोच नकाशा आज आपल्यापुढे ठेवते. घरात कोणी कॉलेजात शिकत असेल तर त्याला उपयोग होईल. नसेल, तरी आपण वाचलेली कोणतीही कादंबरी पुन्हा उघडून पाहावीशी वाटेल.

एका दिवसाची गोष्ट

‘अनटचेबल’ 1935 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. लेखक मुल्कराज आनंद यांचा जन्म 1905 चा, पेशावरचा. वडील लष्करात नोकरीला, त्यामुळे बालपण छावण्यांमधून गेले. छावणीतील सफाई कामगारांची मुले त्यांनी जवळून पाहिली होती. कादंबरीतील बुलाशाह हे गाव काल्पनिक आहे, पण उत्तरेकडील छावणीच्या गावाचा सगळा आराखडा त्यात उतरला आहे.

गोष्ट एका दिवसाची आहे. बखा हा अठरा वर्षांचा भंगी समाजातील तरुण. बाप लखा हा गावातील आणि छावणीतील सफाई कामगारांचा जमादार. आई वारलेली. बहीण सोहिनी, धाकटा भाऊ रखा. सकाळी बखा संडास साफ करायला उठतो तिथे पुस्तक सुरू होते आणि संध्याकाळी तो घराकडे परततो तिथे संपते. एवढ्या वेळात तो कुठून कुठे जातो, तेच खरे तर या कादंबरीचे कथानक आहे. म्हणून आधी पाय कुठे पडले ते पाहू.

आमच्या कागदावर मधोमध गाव आले. एका बाजूला गोऱ्या आणि देशी शिपायांची छावणी. या दोन्हींच्या सावलीत, पण दोन्हींच्या हद्दीबाहेर, मातीच्या घरांच्या दोन ओळी. तिथे भंगी, चांभार, धोबी, न्हावी, पाणके, गवत कापणारे असे सगळे बहिष्कृत राहतात. वस्तीजवळून ओढा वाहतो. एके काळी त्याचे पाणी स्वच्छ होते. आता सार्वजनिक संडासांची घाण त्यात मिसळते, काठावर मेलेल्या जनावरांची कातडी वाळत असतात आणि गोवऱ्या थापण्यासाठी शेणाचे ढीग लागलेले असतात. सांडपाण्याला वाट नाही, म्हणून पावसाळ्यात सगळी वस्ती दलदल होते.

आता यात लेखकाची एक करामत आहे, ती नीट पाहा. हे वर्णन कादंबरीच्या अगदी सुरुवातीला येते आणि वाचकाला वाटते की, झाले, जागेची ओळख झाली, आता माणसे येतील. पण या वर्णनातील प्रत्येक वस्तू पुढे कामाला लागते. गाव आणि छावणी यांच्या ‘मध्ये’ वस्ती आहे, म्हणून बखाला दोन्हीकडे जावे लागते आणि राहता मात्र कुठेच येत नाही. ओढा नासलेला आहे, म्हणून पिण्याचे पाणी दुसरीकडून आणावे लागते. हे ‘म्हणून’ फार महत्त्वाचे आहे. वर्णनाच्या पुढे ‘म्हणून’ लावता आले की समजावे, ही जागा नुसती रंगवलेली नाही, ती काही करते आहे.

विहिरीपासून देवळापर्यंत

सगळ्यात स्पष्ट उदाहरण पाण्याचे. ते सावकाश पाहू.

बखा पहाटे उठून संडासांच्या तीन रांगा एकट्याने साफ करतो. अंग घामाने भिजते, घसा कोरडा पडतो. घरी येऊन चहा मागतो तर घरात पाण्याचा थेंब नाही. सोहिनी घागर घेऊन निघते.

कुठे जायचे? जवळचा ओढा नासलेला. शिवाय नियम असा की, बहिष्कृतांनी ओढ्याचे पाणी घेतले तर प्रवाह बाटतो. स्वतःची विहीर? बुलाशाह डोंगराळ भागात आहे. तिथे विहीर खणायची तर निदान हजार रुपये लागतात, असे लेखक सांगतो. संडास झाडणाऱ्या माणसाला हजार रुपये म्हणजे आकाशातील चांदण्या. उरली ती सवर्णांची विहीर. पण तिच्या चौथऱ्यावर पाय ठेवायचा नाही. पायथ्याशी घागर घेऊन उभे राहायचे आणि कोणी सवर्ण येऊन दया करून पाणी ओतील याची वाट बघायची.

भूगोल आणि रूढी या दोन गोष्टी इथे एकमेकींत कशा गुंतल्या आहेत पाहा. जमीन खडकाळ आणि चढउताराची, म्हणून विहीर महाग. विहीर महाग, म्हणून स्वतःची नाही. स्वतःची नाही, म्हणून दुसऱ्याच्या चौथऱ्याखाली उभे राहणे आले. चौथरा फार उंच नाही, चार पायऱ्या चढल्या की वर. पण त्या पायऱ्यांनी माणसांचे दोन भाग केले आहेत. वर उभा राहणारा पोहरा ओढतो, खाली उभा राहणारा हात जोडतो.

खाली उभ्या असलेल्यांतही भांडण लागते. गुलाबो धोबीण सोहिनीला पाण्यात पाहते आणि तिच्यावर हात उगारते. आपण बहिष्कृत असलो तरी भंग्यापेक्षा वरचे, हा तिचा ताठा. वाट बघण्याची जागाच अशी आहे की, तिथे सगळे अडकलेले आणि प्रत्येकाला आपली पाळी आधी हवी. एक शिपाई येतो, विनवण्या ऐकून न ऐकल्यासारखे करून निघून जातो. मग येतो पंडित काली नाथ, देवळाचा पुजारी.

हा पुजारी दयेने पाणी ओढत नाही. त्याला बद्धकोष्ठाचा त्रास आहे. दोर ओढण्याचा व्यायाम झाला तर पोट साफ होईल, असे त्याच्या मनात येते. माणसाच्या तहानेला उत्तर मिळते ते दुसऱ्याच्या पोटाच्या तक्रारीमुळे. पोहरा वर येतो. पुजाऱ्याची नजर खाली उभ्या मुलींवर फिरते आणि सोहिनीवर थांबते. तो रांग मोडून तिला पुढे बोलावतो, तिची घागर भरतो आणि सांगतो, देवळाच्या अंगणात झाडायला ये.

पुढे काय घडते ते कादंबरी वाचलेल्यांना ठाऊक आहे. सोहिनी देवळात जाते. पुजारी एकांतात तिच्या अंगाशी येतो. ती ओरडते तेव्हा तोच उलटा ओरडत बाहेर येतो की, मला विटाळ झाला! गर्दी त्याच्या बाजूने उभी राहते.

आता ही साखळी उलटी मोजा. देवळातील अत्याचार घडला, कारण सोहिनी तिथे गेली. ती गेली, कारण पुजाऱ्याने बोलावले. त्याने बोलावले, कारण विहिरीवर तो वरून खाली पाहू शकत होता आणि ती खाली उभी राहून वर पाहत होती. ती उभी होती, कारण ओढा नासलेला आणि बंद, आणि स्वतःची विहीर नाही. म्हणजे पहिल्या पानावरचा ओढा आणि देवळातील किंकाळी यांच्यामध्ये एक सरळ दोरी आहे. मधली विहीर काढून टाका, दोरी तुटते. सोहिनीच्या घरी पाणी असते तर त्या सकाळी पुजाऱ्याला ती दिसलीच नसती.

भाची म्हणाली, “म्हणजे परीक्षेत ‘पाणी’ या मुद्द्यावरच अख्खं उत्तर लिहिता येईल.” मी म्हटले, येईल, पण ‘पाणी हे शुद्धतेचे प्रतीक आहे’ असे लिहून थांबू नकोस. प्रतीक म्हटले की पाणी डोक्यातली कल्पना होते. सोहिनीला कल्पना नको होती, घागरभर पाणी हवे होते.

आपल्या वाचकांना इथे महाड आठवल्याशिवाय राहणार नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि त्यांनी पाणी ओंजळीत घेतले, त्यानंतर आठ वर्षांनी ही कादंबरी आली. महाडला माणसे स्वतः पाण्यापर्यंत गेली. बुलाशाहच्या विहिरीपाशी सोहिनी चौथऱ्याखालीच उभी राहते. पाणी तेच, पायऱ्याही तशाच. माणसे काय करतात यावर त्या पायऱ्यांचा अर्थ बदलतो.

रस्त्यात उभे राहिलेले कडे

दुसरी जागा बाजारपेठेची. त्या दिवशी बाप आजाराचे निमित्त करून बखाला गावातील रस्ता आणि देवळाचे अंगण झाडायला पाठवतो. बखाला गाव आवडते. दुकाने, रंग, वास यांनी तो हरखतो. पानवाल्याकडून तो सिगारेट घेतो. दुकानदार पैशावर पाणी शिंपडून तो शुद्ध करून घेतो आणि पाकीट लांबून फेकतो. पुढे तो चार आण्यांची जिलेबी घेतो, तीही तशीच फेकली जाते.

पहिल्यांदा वाचताना हे अपमानाचे छोटे प्रसंग वाटतात. नकाशाच्या नजरेने पाहिले तर प्रत्येक दुकानाच्या फळीपुढे एक न आखलेली रेघ आहे आणि त्या रेघेवरून वस्तू फेकल्या जातात. जिथे फेकणे आहे तिथे रेघ आहे, असे समजावे.

जिलेबी खात, पाट्यांकडे बघत चालताना बखाचा धक्का एका लालाला लागतो. अरुंद रस्ता, गर्दी आणि वर पाहणारा तरुण, यातून दुसरे काय होणार? लाला शिव्या देऊ लागतो. माणसे जमतात आणि बखाभोवती कडे होते. अंगाने बखा दांडगा आहे. त्याने एक मुसंडी मारली असती तर कडे फुटले असते. पण फोडायचे म्हणजे आणखी माणसांना शिवायचे. म्हणून तो हलू शकत नाही. त्याच्याभोवतीची माणसेही हात दोन हात अंतर राखून उभी आहेत.

हा प्रसंग मला या पुस्तकातील सर्वांत कसदार वाटतो. तुरुंगाला भिंती लागतात. इथे भिंत नाही, मोकळी जागाच भिंत झाली आहे. एक मुसलमान टांगेवाला गाडी घेऊन येतो तेव्हा ते कडे पांगते. जाता जाता लाला बखाच्या थोबाडीत मारतो. फेटा पडतो, जिलेबी मातीत जाते. मारताना विटाळ होत नाही, ही गंमत लेखक बोलून दाखवत नाही, तो नुसता रस्ता दाखवतो.

यापुढे बखा ओरडत चालतो, भंगी येतोय, बाजूला व्हा. सकाळपर्यंत रस्ता त्याच्या डोळ्यांसाठी होता, आता त्याला स्वतःच्या तोंडाने रस्त्यावर रेघ ओढत जावे लागते. जागेने पात्राला बदलले, ते हे असे.

त्यानंतर देऊळ. अंगण झाडताना आत काय असेल या कुतूहलाने तो पायऱ्या चढतो. एकदम नाही, थोडा चढतो, मागे येतो, पुन्हा चढतो. खिडकीतून त्याला मूर्ती दिसते, आरती ऐकू येते. तेवढ्यात ओरडा होतो. जमावातील एक जण शास्त्राचा दाखला देतो की, असला माणूस 69 यार्डांच्या आत आला तरी देऊळ बाटते. धर्माने माणसाची किंमत यार्डांत मोजली. अंगण झाडायला मात्र त्याच अंतराच्या आत यावे लागते, त्याला हरकत नाही.

वरच्या मजल्यावरून आलेली चपाती

तिसरी जागा लहान आहे, पण गृहिणींनी जरूर लक्ष द्यावे अशी. भाकरी मागण्यासाठी बखा एका गल्लीत जातो. घरे उंच, मजल्यावर मजले. स्वयंपाकघरे वरच्या मजल्यावर. बखाने जिना चढायचा नाही. म्हणून त्याला खालूनच हाक द्यावी लागते आणि वर ती ऐकू जात नाही. थकून तो एका घरापुढच्या लाकडी ओट्यावर टेकतो आणि त्याला झोप लागते. घरची बाई त्याला तिथे पाहून शिव्यांचा भडिमार करते, ओटा बाटला म्हणते. एक साधू येतो त्याला मात्र आदराने वाढते. बखाला आधी गटार साफ करायला लावते आणि मग वरून चपाती टाकते. पातळ चपाती हवेत तरंगत खाली येते आणि विटांच्या फरसबंदीवर पडते. तो ती उचलून घेतो.

उंच घर आणि वरचे स्वयंपाकघर ही वास्तू बांधणाऱ्याने कोणाच्या अपमानासाठी बांधली नव्हती. जागा कमी, म्हणून मजले चढले. पण जिना चढण्याची बंदी त्या उंचीला जोडली गेली की उंचीच चपाती फेकायला लावते. विहिरीवर वरून पाणी, दुकानातून लांबून जिलेबी, माडीवरून चपाती. आमच्या कागदावर आम्ही या सगळ्या ठिकाणी बाण काढले. सगळे बाण वरून खाली आले. एकही बाण हातातून हातात गेला नाही. सबंध दिवसात बखाला घरची माणसे सोडून जवळून वागवणारी माणसे फार थोडी भेटतात. त्यात हवालदार चरतसिंग. तो आपल्या चुलीतले निखारे त्याला आणायला सांगतो, चहा देतो आणि हॉकीची काठी देतो. बखा इतका भारावतो, ते त्या काठीच्या किमतीमुळे नव्हे.

टेकडीवरची साखर

आता उलट बाजूही पाहिली पाहिजे, नाहीतर आपण प्रत्येक झाडापानाला कथानकात ओढून बसवू.

दुपारी बखा मित्रांबरोबर टेकड्यांकडे फिरायला जातो. छोटा हा चांभाराचा मुलगा, रामचरण धोब्याचा. मोकळे रान, गवत, वारा, आकाश. लेखकाची भाषा इथे एकदम फुलते. वाचताना बरे वाटते. पण आमचा ‘म्हणून’ लावून पाहिला तर बहुतेक ओळींपुढे तो लागत नाही. टेकडीऐवजी माळ असता, आंब्याची राई असती, तरी पुढचे काही बदलले नसते. शिवाय ते रान बखा पाहतो आहे की इंग्रजी कविता वाचलेला लेखक पाहतो आहे, अशी शंका येते. पहाटेपासून काम केलेला मुलगा गवतावर आधी आडवा होईल, उपमा नंतर सुचतील. हे वर्णन पार्श्वभूमीच आहे आणि तसे म्हणायला संकोच करू नये. चांगल्या कादंबरीतही पडदे असतात.

मात्र त्याच टेकडीवर एक छोटा प्रसंग आहे, तिथे जागा पुन्हा जिवंत होते. रामचरणच्या बहिणीचे त्या दिवशी लग्न असते आणि तो मित्रांसाठी गोड खाऊ घेऊन आला आहे. बखा खाऊ मागतो, पण म्हणतो, माझ्याकडे फेक. इथे विहीर नाही, दुकान नाही, चौथरा नाही, पाहणारे कोणी नाही. तरी रेघ आहे. ती बखा आपल्याबरोबर टेकडीवर घेऊन आला आहे. गावाने दिवसभर जे शिकवले ते मोकळ्या रानातही सुटत नाही. टेकडीचे कौतुक करणारी पाने गळाली तरी चालतील, पण हा खाऊचा प्रसंग टेकडीवरच घडायला हवा. मोकळी जागा असल्याशिवाय आतली भिंत दिसली नसती.

विद्यार्थ्यांनी दोन चुका टाळाव्यात

अशा विषयावरील उत्तरांत दोन चुका वारंवार होतात.

पहिली चूक म्हणजे वर्णनाची यादी करणे. घाणेरडी वस्ती, अरुंद रस्ते, उंच देऊळ, असे लिहून पान भरते, पण काही सिद्ध होत नाही. त्याऐवजी एकच जागा घ्यावी आणि तीन साधे प्रश्न विचारावेत. ही जागा कोणाला मोकळी आहे आणि कोणाला बंद? ती बदलली तर प्रसंग घडेल का? आणि तिथे जे घडले त्याचा धागा पुढच्या कोणत्या जागेपर्यंत जातो? तिन्ही प्रश्नांना कादंबरीतूनच उत्तर मिळाले तर ती जागा पात्राइतकीच कामाची आहे. पहिल्याच प्रश्नाला उत्तर मिळाले नाही तर ते वर्णन सोडून पुढे जावे.

दुसरी चूक जास्त नाजूक आहे आणि आपल्या वाचकांना ती चटकन कळेल. ‘निसर्गच बखाचा शत्रू आहे’ किंवा ‘ओढ्याने वस्तीचा घात केला’ असे लिहिले जाते. वाक्य कानाला छान लागते, पण त्यामुळे गुन्हेगार निसटतो. ओढा स्वतः घाण झाला नाही, संडासांचे पाणी त्यात सोडणारे कोणी होते. डोंगराने विहीर महाग केली, पण सवर्णांची विहीर बंद केली ती डोंगराने नव्हे. जागा कृती करते असे म्हणताना ती कृती तिला कोणी शिकवली, हेही लिहायला हवे. गावकुसाबाहेर वस्ती वसवणे हा भूगोल नाही, तो निर्णय आहे. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी खेड्याच्या गोडव्यांवर कडक टीका केली. खेड्याचा नकाशा खालच्या बाजूने पाहिलेल्या माणसाला त्यात कविता दिसणे शक्यच नव्हते.

शेवटी झाडावर बसलेला बखा

संध्याकाळी बाप बखाला घराबाहेर काढतो. दिवसभर गावाने बाहेर ठेवलेला मुलगा आता वस्तीच्याही बाहेर पडतो. त्याला एक ख्रिस्ती मिशनरी भेटतो, त्याचे बोलणे बखाला उमगत नाही. पुढे तो गर्दीबरोबर गोलबागेत जातो. तिथे गांधीजींचे भाषण आहे. गर्दीत शिवाशिवीची भीती म्हणून तो झाडावर चढून बसतो. संबंध पुस्तकात पहिल्यांदाच बखा वर आहे आणि बाकी सगळे खाली. पण तो वर चढला आहे तोही अंतर राखण्यासाठीच.

भाषणानंतर एक बॅरिस्टर आणि एक कवी यांचा वाद तो ऐकतो. कवी म्हणतो की, मैला हाताने उचलावा लागणार नाही असे यंत्र आले आहे, पाण्याने वाहून नेणारे संडास. ते आले की भंग्याला त्या कामातून सुटता येईल. बखाला भाषणापेक्षा हे यंत्र जास्त कळते. ते बरोबरच आहे. दिवसभर त्याचे जे हाल झाले त्यांत उपदेशाच्या उणिवेपेक्षा गटारे, विहिरी आणि संडास यांच्या रचनेचा वाटा मोठा होता. मन बदला असे सांगणारे पुष्कळ होते, नळ टाका असे सांगणारा हा एकच. ही सूचा जागेविषयीची आहे, म्हणून कादंबरीच्या सुरुवातीच्या ओढ्याला शेवटी मिळालेले ते उत्तर वाटते.

पण ते अर्धेच उत्तर आहे आणि तिथे मी लेखकाशी पूर्ण सहमत नाही. कोरडे संडास बांधण्यावर आणि हाताने मैला उचलायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा आपल्याकडे 1993 साली झाला, त्याहून व्यापक कायदा 2013 साली. नळ आले, पाण्याचे संडासही आले. तरी गटारात आणि मैलाटाकीत उतरून गुदमरून मेलेल्या कामगारांच्या बातम्या आपण वाचतोच, आणि ती माणसे कोणत्या समाजातली असतात हे सांगावे लागत नाही. मैला रस्त्यावरून जमिनीखाली गेला, त्याच्यामागे माणूसही खाली गेला. नकाशा बदलला, पण बाण वरून खालीच येत राहिले. जागा बदलून भागत नाही, जागा कोणासाठी कोण ठरवतो ते बदलावे लागते.

भाचीने शेवटी वहीतील ‘वातावरण’ हे शीर्षक खोडले. त्याजागी लिहिले, ‘विहीर’. मग कागदावरच्या चौथऱ्याच्या पायऱ्या तिने पुन्हा एकदा गडद केल्या आणि म्हणाली, “मावशी, आजीच्या गावची विहीर कुठं होती गं? आणि आपली माणसं कुठून पाणी भरायची?”

तो नकाशा काढायला आम्हांला दुसरा कागद घ्यावा लागला. आजीला हाक मारून बाहेर बोलावले. पेन्सिल तिच्या हातात दिली.